एडिटरच्या अर्जात शोरील आणि टर्नअराउंड कसा लिहावा?

प्रश्न: एका मराठी मुलाखतींच्या यूट्यूब चॅनेलला एडिटर हवाय. ईमेलमध्ये शोरीलची लिंक कशी देऊ? आणि 'किती दिवसांत काम देता' याला काय उत्तर लिहू?

उत्तर: पुण्यातल्या एका छोट्या स्टुडिओत असे अर्ज माझ्याकडे येतात, म्हणून वाचणाऱ्याच्या बाजूने सांगते.

लिंक बहुतेक वेळा मोबाइलवर, दोन कामांच्या मध्ये उघडली जाते. ड्राइव्हवर फाइल टाकलीत तर शेअरिंग "Anyone with the link" वर आहे ना, ते बघा. नाहीतर आमच्यासमोर परवानगी मागणारं पान येतं आणि अर्ज तिथेच मागे पडतो. शिवाय नुकताच चढवलेला व्हिडिओ ड्राइव्हवर काही वेळ प्रोसेस होत असतो, तेव्हा तो धूसर दिसतो किंवा चालतच नाही. यूट्यूबवर "Unlisted" ठेवणं सगळ्यात सोपं. पाठवण्याआधी लिंक इन्कॉग्निटोमध्ये, स्वतःच्या खात्याबाहेरून उघडून पाहा.

मुलाखतीच्या कामाला मात्र नुसतं शोरील पुरत नाही. त्यात झटपट कट आणि संगीत दिसतं, पण मुलाखतीतलं कसब न दिसणाऱ्या कटमध्ये असतं. पाहुणे अडखळले, तेच वाक्य दोनदा बोलले, तर मधला भाग काढून त्या सांध्यावर निवेदकाचा ऐकतानाचा शॉट टाकावा लागतो आणि खाली खोलीचा आवाज अखंड ठेवावा लागतो. म्हणून शोरीलसोबत एका पूर्ण एपिसोडची लिंक द्या आणि नेमकं कुठून पाहायचं ते लिहा. त्यात तुमचं काम कोणतं तेही सांगा. कलर दुसऱ्याने केला असेल तर तसं लिहिल्याने विश्वास वाढतो.

आता टर्नअराउंड. "फास्ट डिलिव्हरी" वाचून आम्हाला काहीच कळत नाही. "3 दिवस" हेही अर्धवटच, कारण ते कधीपासून मोजायचे?

एक तासाची मुलाखत दोन कॅमेऱ्यांवर 4के मध्ये, 100 एमबीपीएसने रेकॉर्ड झाली असं धरा. प्रत्येक कॅमेऱ्याचं साधारण 45 जीबी, म्हणजे एकूण 90 जीबी. तुमची लाइन 50 एमबीपीएसची असेल तर पूर्ण वेग मिळूनही फुटेज उतरायला 4 तास लागतात. सकाळी लिंक आली तरी काम दुपारनंतरच सुरू होतं. पुढे प्रॉक्सी बनवायच्या, दोन्ही कॅमेरे आणि माइक सिंक करायचे, पूर्ण तासभर ऐकून टिपणं काढायची. दुसरा दिवस कापाकापीत जातो, तिसरा आवाज, कलर आणि टायटलमध्ये. मराठी टायटल असतील तर जोडाक्षरं तुटली नाहीत ना, हे एकेक करून तपासायला लागतं. म्हणून दिवस "फुटेज पूर्ण उतरल्यापासून" मोजा.

दुसरी गोष्ट दुरुस्त्यांची. चॅनेलवाले कट पाहायला दोन दिवस घेतात, ते तुमच्या खात्यात पडू देऊ नका. किती फेऱ्या देता, तेही लिहा. आणि "हा शब्द काढा" ही दुरुस्ती झाली, "सुरुवात दुसऱ्या प्रश्नापासून करूया" हा नवा कट झाला. हा फरक ईमेलमध्येच आला तर पुढची वादावादी टळते.

ईमेल एवढाच पुरे:

> विषय: व्हिडिओ एडिटरसाठी अर्ज – मुलाखती आणि रील्स
>
> नमस्कार,
> तुमच्या चॅनेलसाठी एडिटर म्हणून अर्ज करत आहे.
>
> शोरील (75 सेकंद): [लिंक]
> पूर्ण मुलाखत (24 मिनिटं): [लिंक]. 06:40 पासून दोन मिनिटं पाहावीत. कट, आवाज आणि टायटल माझे आहेत, कलर सहकाऱ्याचा.
>
> टर्नअराउंड: एक तासाच्या, दोन कॅमेऱ्यांच्या मुलाखतीचा पहिला कट फुटेज पूर्ण उतरल्यापासून 3 कामाच्या दिवसांत. टाइमकोडसह एकत्र आलेल्या दुरुस्त्या 24 तासांत, अशा दोन फेऱ्या. तीन रील्स एपिसोड मंजूर झाल्यावर दुसऱ्या दिवशी. मांडणी बदलायची असल्यास वेळ नव्याने ठरवू.
>
> रविवारी काम बंद असतं. पुढच्या सोमवारपासून आठवड्याला एक एपिसोड घेऊ शकतो.

नाव आणि फोन नंबर खाली. बायोडेटा मागितला असेल तरच जोडा.

यावर बहुधा पहिला प्रश्न येईल, "दोन दिवसांत होईल का?" तेव्हा नुसतं "हो" म्हणू नका. कशामुळे होईल ते सांगा: त्यांनी प्रॉक्सी बनवून पाठवल्या तर फुटेजचे तास वाचतात, किंवा पहिल्या कटमध्ये कलर आणि टायटल नसतील, फक्त मांडणी आणि आवाज असेल. एपिसोड शनिवारी जाणार असेल तर गुरुवारी तेवढं हातात आलं तरी त्यांचं काम भागतं.