जॉब आयडीशिवाय नुसते लाइक मिळतात

प्रश्न: कपातीत माझी सॉफ्टवेअरची नोकरी गेली. आता सोलापूरला घरी आलोय. ओळखीच्या लोकांकडे रेफरल मागणारी पोस्ट लिहायची आहे, पण ती लाचार वाटू नये. काय लिहू?

उत्तर: मी स्वतः रेफरल देणाऱ्यांतला आहे, म्हणून आधी पलीकडच्या बाजूचं सांगतो. रेफरल देणारा कंपनीच्या आतल्या पोर्टलवर जातो, जागेचा जॉब आयडी निवडतो, तुमचं नाव, ईमेल, फोन भरतो आणि सीव्हीची पीडीएफ चढवतो. बऱ्याच ठिकाणी शेवटी एक रकाना असतो: या माणसाला तुम्ही कसे ओळखता? पाच-सात मिनिटांचं काम आहे, पण यातली एक गोष्ट हाताशी नसली की 'रात्री बघतो' होतं, आणि ती रात्र काही येत नाही.

माझ्या पुतण्याचं नेमकं हेच झालं. पुण्यातली नोकरी गेल्यावर तो जुळे सोलापुरातल्या घरी आला आणि त्याने लिंक्डइनवर लिहिलं, 'जड अंतःकरणाने कळवतो... कोणतीही संधी चालेल.' खाली हात जोडलेल्या इमोजींचा पाऊस पडला. रेफरल शून्य. 'कोणतीही' म्हटलं की जागा शोधायचं काम वाचणाऱ्याच्या गळ्यात पडतं. त्यात प्रोफाइलवर ठिकाण सोलापूर. रिक्रूटर पुण्याची माणसं ठिकाण लावून शोधतो, त्या यादीत सोलापूरचा माणूस येईलच असं नाही. `Open to work` मध्ये हवी ती शहरं वेगळी भरता येतात. त्याने तिथे पुणे आणि हैदराबाद घातलं.

मग पोस्ट पुन्हा लिहिली. मूळ इंग्रजीत होती, मजकूर असा:

'बॅकएंड इंजिनिअर, जावा आणि स्प्रिंग बूट, ६ वर्षं. आमची टीम कपातीत बंद झाली, माझा शेवटचा दिवस ३० जून होता. लगेच रुजू होऊ शकतो. शेवटचं काम पेमेंट परताव्याच्या सेवेवर. एकच विनंती दोनदा आली तरी पैसे एकदाच परत जावेत, हा भाग मी लिहिला. सीनिअर बॅकएंडची जागा शोधतोय, पुणे किंवा हैदराबाद. तुमच्या कंपनीत अशी जागा दिसली तर कळवा, जॉब आयडीसह सीव्ही आणि तीन ओळींची ओळख पाठवतो.'

यात तुमच्या 'लाचारी'चं उत्तर येऊन गेलं. कपात एका वाक्यात, तारखेसकट, आणि पुढे कामाचं. 'लगेच रुजू होऊ शकतो' ही ओळ वर ठेवा. नव्वद दिवसांच्या नोटिसवाल्यांच्या गर्दीत ती तुमची जमेची बाजू आहे. पोस्टच्या पहिल्या दोन-तीन ओळीच आधी दिसतात, बाकी मजकूर दाबल्यावर उघडतो. म्हणून भूमिका, वर्षं आणि तंत्रज्ञान तिथेच आलं पाहिजे. जुन्या साहेबांचे आभार वगैरे खाली.

'तीन ओळींची ओळख' म्हणजे त्या शेवटच्या रकान्याचा मजकूर: आपण कुठल्या प्रोजेक्टवर एकत्र होतो, मी काय केलं, या जागेशी त्याचा काय संबंध. तो तुम्हीच लिहून द्या, समोरचा दोन शब्द बदलून चिकटवतो. एकत्र काम केलं नसेल तर तसं स्पष्ट लिहा, खोटी जवळीक नको.

एक घोळ मात्र झालाच. पुतण्याने घाईत एका जागेसाठी करिअर पेजवरून स्वतःच अर्ज भरला आणि दुसऱ्या दिवशी ओळखीच्याने रेफर केलं. पोर्टल म्हणालं, उमेदवार आधीच नोंदलेला आहे. अनेक कंपन्यांत असा रेफरल धरतच नाहीत, आणि ती नोंद काही महिने राहते. तेव्हा ओळखीचं माणूस असेल तर आधी रेफरल, अर्ज त्याने पाठवलेल्या लिंकवरून.

आमचे मोठे बंधू, म्हणजे मुलाचे वडील, या सगळ्याच्या विरोधात. 'नोकरी गेली हे चारचौघांत कशाला सांगायचं? पाहुण्यारावळ्यांत तोंड कसं दाखवायचं?' तीस वर्षं आमचा हाच वाद. अहो, तारीख लपवली तरी पार्श्वभूमी तपासणीत रिलीव्हिंग लेटर आणि पीएफची नोंद बघतात, तिथे शेवटचा दिवस निघतोच. मुलाखतीला बोलावलं ते कुणाच्या ओळखीने? बंधूंच्याच वर्गमित्राच्या मुलाच्या. ज्याला कळू नये म्हणून त्यांची धडपड होती, तोच.

आता हे आधीच सांगायला हवं होतं: पोस्ट टाकण्यापूर्वी कंपनीने सही करून घेतलेला कागद वाचा. कंपनीबद्दल वाईट लिहू नये अशी अट त्यात असू शकते, आणि ती मोडली तर भरपाईचे पैसे अडकू शकतात. तुम्ही अजून पगारपत्रकावर असाल तर 'नोकरी गेली' न लिहिता शेवटची तारीख लिहा. आणि रेफरलने सीव्ही माणसाच्या नजरेखाली येतो एवढंच, मुलाखतीच्या फेऱ्या सगळ्या द्याव्याच लागतात.