तक्त्यातली ओळ आणि पुस्तकातलं वाक्य

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या पुस्तिकेची पानं परवा मिळाली. घरात वडील गेल्यावर पहिल्यांदाच जमिनीचा कन्नड उतारा हातात घेणाऱ्या मराठी मुलामुलींसाठी तू लिहिते आहेस, हे बरं केलंस. आपल्या कर्नाटकातल्या खानापूर-निपाणीकडे बोलताना ‘उतारा’, ‘तलाठी’ म्हणतो, पण कागदावर सगळं कन्नड. त्यात पाहुणे महाराष्ट्रातल्या चंदगडचे असले की ते सातबाऱ्याचे शब्द घेऊन सल्ले देतात. तीन बाजूंनी शब्द येतात आणि पोरगं गोंधळतं. तू शब्दांचा तक्ता चांगला जमवला आहेस. पण त्याची पानं करताना एक गडबड झाली आहे. सगळ्यावर लिहीत बसत नाही, एकच ओळ घेतो.

तुझ्या तक्त्यात असं आहे:

खराब (अ) | पोटखराबा | लागवडीस अयोग्य क्षेत्र | रकाना ३ | आकार नाही

आणि पुस्तिकेत तू लिहिलंस: “खराब (अ) म्हणजे पोटखराबा. पोटखराबा म्हणजे लागवडीस अयोग्य क्षेत्र. हे क्षेत्र रकाना ३ मध्ये असते. यास आकार नाही.”

यात तू तक्त्याच्या उभ्या रेघा पुसल्यास आणि तिथे पूर्णविराम ठेवलेस. शेवटचं वाक्य तर आमच्या शेजारच्या कॉलेजच्या पोराला वाचायला दिलं. तो म्हणाला, “आकार नाही म्हणजे जमीन वेडीवाकडी आहे काय?” त्याचं काय चुकलं? ‘आकार’ म्हणजे जमिनीवर बसवलेला सारा, हे तुला आणि मला ठाऊक. तक्त्यात ते चालून जातं, कारण तक्ता पाहणारा आधीच त्या धंद्यातला असतो. पुस्तिका वाचणाऱ्याला मात्र आकार म्हणजे गोल की चौकोनी, एवढंच माहीत.

आता हे कसं सोडवायचं ते सांगतो. तक्त्याच्या डोक्यावर जी रकान्यांची नावं आहेत ना, ‘अर्थ’, ‘कुठे दिसतो’, ‘टीप’, त्यात क्रियापदं दडलेली आहेत. ‘कुठे दिसतो’ यात ‘दिसतो’ उघड आहे. पण ‘टीप’ या नावाखाली काय आहे? एका ओळीत ‘आकार नाही’, म्हणजे ‘सारा लावत नाहीत’, आहे, दुसऱ्या ओळीत ‘फेरफार झाल्यावर बदलतं’ आहे, तिसऱ्यात ‘तलाठ्याकडे विचारा’ आहे. तीन वेगळी क्रियापदं एका नावाखाली कोंबली आहेत. म्हणून प्रत्येक खान्यासमोर आधी पेन्सिलीने क्रियापद लिही: कोण काय करतं? मोजणीवाले वेगळं धरतात, सरकार सारा लावत नाही, वाचणाऱ्याला तिसऱ्या रकान्यात सापडतं. एवढं झालं की वाक्य अर्धं तयार असतं.

मग क्रम. तक्ता शब्दापासून सुरू होतो, कारण शब्द शोधायलाच आपण तक्ता उघडतो. पुस्तिका वाचणारा शब्द शोधत नसतो, त्याच्या डोळ्यांपुढे त्याचं शेत असतं. म्हणून शेतापासून सुरू कर आणि शब्दाशी ये. मी असं लिहिलं असतं:

“तुमच्या शेतात कुठे खडक असेल, कुठे खळं किंवा गोठा असेल, तर तेवढ्या जागेत पीक निघत नाही. मोजणीच्या वेळी अशी जागा वेगळी धरतात आणि तिच्यावर सारा लावत नाहीत. उताऱ्याच्या तिसऱ्या रकान्यात तिच्यापुढे ‘खराब (अ)’ असं लिहिलेलं असतं. महाराष्ट्रात तिलाच पोटखराबा म्हणतात. नाव खराब असलं तरी जागा तुमचीच आहे. त्याच रकान्यात ‘खराब (ब)’ असेल तर गोष्ट वेगळी. तो भाग रस्ता, पायवाट, ओढा, तलाव, स्मशान अशा सगळ्यांच्या वापराच्या जागेचा असतो आणि तो तुमच्या मालकीत मोजत नाहीत.”

‘जागा तुमचीच आहे’ हे वाक्य तुझ्या तक्त्यात कुठेच नाही, बघ. मी ते का घातलं, त्याला कारण आहे. फार वर्षांपूर्वी मी अशाच एका कामात ‘खराब म्हणजे नापीक जमीन’ एवढंच लिहून मोकळा झालो होतो. पुढे खानापूर तालुक्यातले एक गृहस्थ भेटले. भावांच्या वाटणीत त्यांनी खराब (अ) आपल्या हिश्शात धरलाच नव्हता, ‘ते सरकारी असतंय की’ म्हणून. तिथे त्यांच्या वडिलांचं खळं होतं. माझं वाक्य खोटं नव्हतं, पण वाचणाऱ्याच्या मनात पुढचा प्रश्न कोणता उठेल तो मी विचारलाच नव्हता. तक्त्याला हा प्रश्न पडत नाही. वाक्याला पडतो.

तुझ्या मसुद्यात खराब (ब) चाळीस ओळी पुढे आलाय, त्याचं कारणही तेच. तू तक्त्याच्या ओळींच्या मागे गेलीस. अ आणि ब वेगळे ठेवून कुणालाच कळणार नाहीत. एकाची ओळख दुसऱ्याच्या शेजारीच होते. तक्त्यातल्या दोन-तीन ओळींचा एक परिच्छेद झाला तर बिघडत नाही, आणि एखाद्या ओळीचं अख्खं पान झालं तरीही नाही.

तसं पान ‘गुंठा’ या शब्दाला दे. तुझी ओळ आहे: “गुंटे | गुंठा | एकराचा ४० वा भाग | ३३×३३ फूट / १२१ चौ. यार्ड”. इथली तिरकी रेघ ‘म्हणजेच’ अशी वाचायची. पण खाली ‘कब्जेदार / खातेदार’ लिहिलंस तिथे तीच रेघ ‘किंवा’ अशी आहे. तक्ता करताना हातानं रेघ ओढली जाते, डोकं चालत नाही. वाक्यात तिला जागा नाही. प्रत्येक रेघेला ‘म्हणजे’, ‘किंवा’, ‘आणि’ यांतलं एक निवडावं लागेल. निवडता येत नसेल तर समज, तो तक्ताच अजून कच्चा आहे.

आणि नुसतं ‘४० वा भाग’ सांगून भागत नाही, कारण पोरं उताऱ्यावर जे बघतात ते ३-१२-०० असं असतं. शिकलेला माणूस ते सव्वातीनच्या आतलं, म्हणजे ३.१२ एकर, असं वाचतो. ते तसं नाही. ते आहे ३ एकर, १२ गुंठे, ० आणे. १२ गुंठे म्हणजे एकराचा ०.३ भाग, म्हणून क्षेत्र ३.३० एकर होतं. वाचण्याच्या एका चुकीत ७ गुंठ्यांहून जास्त जमीन नाहीशी झाली. हा हिशेब पुस्तिकेत उलगडून दाखव. त्यापुढे वजाबाकी: एकूण ३-१२-००, त्यातून खराब (अ) ०-०४-०८ काढला, तर उरलं ३-०७-०८. इथे पोरं शंभरातून वजा करतात आणि ३-०७-९२ काढतात. १६ आण्यांचा एक गुंठा आहे हे तुझ्या तक्त्यात वेगळ्या ओळीत, ‘आ’ खाली, पडून आहे. ते या वाक्यात आलं नाही तर उदाहरण सुटत नाही.

सातबाऱ्यावर हेक्टर-आर असतं, हे चंदगडच्या पाहुण्यांसाठी एका वाक्यात सांग आणि पुढे चल. १ आर आणि १ गुंठा जवळजवळ सारखे आहेत, पण एक नव्हेत. गुंठा १०१ चौ. मीटरच्या थोडा वर आहे.

आता एक मराठीचंच दुखणं. तक्त्यात शब्द मूळ रूपात असतो, वाक्यात तो वाकतो. ‘पोटखराबा’चं ‘पोटखराब्याचं’ होतं, ‘खातं’चं ‘खात्यात’, ‘गुंठा’चं ‘गुंठ्याला’. नवखा वाचक मागच्या तक्त्यात ‘पोटखराब्या’ शोधतो आणि सापडत नाही म्हणून पुस्तक मिटतो. म्हणून पहिल्या भेटीत शब्द सरळ उभा राहील असं वाक्य रच. ‘तिलाच पोटखराबा म्हणतात’, ‘याला खातं असं नाव आहे’. एकदा ओळख झाली की मग हवा तसा वाकव. कन्नड शब्दांचं लिंगही आधीच ठरवून घे. ‘पहाणी’, म्हणजे आपला उतारा, ती; ‘पोडी’, म्हणजे मोजून हिस्से वेगळे काढणं, तीही ती. तुझ्या पान ६ वर ‘पोडी झाला’ आहे आणि पान ९ वर ‘पोडी झाली’.

सगळ्यात जपून राहायचं ते ‘आहे’ या शब्दापाशी. तुझ्या तक्त्यात “कब्जेदार = मालक, रकाना ९” आहे. पुस्तिकेत ते झालं: “रकाना ९ मध्ये ज्याचे नाव आहे तो जमिनीचा मालक आहे.” तक्त्यातल्या बरोबरच्या खुणेला कुणी कोर्टात नेत नाही, तुझ्या ‘आहे’ला नेईल. कर्नाटकच्या १९६४ च्या जमीन महसूल कायद्यात, कलम १३३ मध्ये, नोंदीबद्दल एवढंच म्हटलंय की उलट सिद्ध होईपर्यंत किंवा नवी नोंद कायदेशीररीत्या येईपर्यंत ती खरी मानायची. म्हणजे वाक्य असं हवं: “नवव्या रकान्यात ज्याचं नाव, त्याला सरकारदप्तर मालक धरतं, पण खरेदीखत, वाटणीपत्र किंवा कोर्टाचा निकाल वेगळं सांगत असेल तर नोंद बदलू शकते.” लांब झालं खरं. इथे लांबीच बरी.

अकराव्या रकान्याचंही तसंच. ‘बोजा’ एवढ्या ओळीवरून तू “रकाना रिकामा असल्यास कर्ज नाही” असं लिहिलंस. हे कुठून आलं? तक्त्यात नाही. रकाना रिकामा असला तर तिथे नोंद नाही, इतकंच म्हणता येतं. वाक्य पुरं करायच्या नादात माणूस असं काहीतरी स्वतःच घालतो. मी पण घातलंय, म्हणून ओळखू आलं. उलटतपासणीसाठी प्रत्येक वाक्याखाली तक्त्याच्या ओळीचा नंबर लिही. ज्या वाक्याला नंबर मिळत नाही ते एकतर मुद्दाम घातलेलं असावं, जसं माझं ‘जागा तुमचीच आहे’, आणि त्याला आधार हवा. नाहीतर काढून टाक.

‘पोडी’च्या ओळीत मराठी शब्दाचा खाना तू रिकामा ठेवलास. शब्द नाही, की सापडला नाही? तक्त्यात दोन्ही सारखेच दिसतात. मला वाटतं तिथे शब्द शोधत बसू नकोस, काम सांग: एकाच सर्व्हे नंबरात चार भावांची नावं एकत्र असतील, तर मोजणी करून प्रत्येकाचा तुकडा नकाशावर वेगळा काढतात आणि त्याला हिस्सा नंबर देतात, ती पोडी.

तक्ता फेकू नकोस, मागच्या पानांवर तसाच राहू दे. शब्द शोधायला तोच बरा. ‘खराब’ आणि ‘गुंठा’ एवढी दोन पानं आधी नव्याने लिही. मग नावं झाकून एखादा खरा उतारा आणि ती दोन पानं, तक्ता न दाखवता, कुणा पोराच्या हातात दे आणि विचार, पिकाखाली किती जमीन उरली? तो कुठे अडखळला ते समासात लिहून आण. गुरुवारी दुपारनंतर मी घरीच असतो.

तुझा,
काका