तक्ता हरवला तरी ब्रेक-इव्हन काढता येतो का?

ब्रेक-इव्हन, म्हणजे ना नफा ना तोटा होईल ती विक्री, काढायच्या प्रश्नातल्या तक्त्याचं चित्र उघडत नसेल तर विक्री किंमत अंदाजाने धरू नकोस, सगळं उत्तर चुकेल. आधी प्रश्नाच्या मजकुरात दोन वर्षांची विक्री आणि नफा दिलाय का ते बघ. समजा विक्री 10 लाखांवरून 12 लाख झाली आणि नफा 1 लाखावरून 1.80 लाख. नफ्यातली वाढ 80,000 भागिले विक्रीतली वाढ 2 लाख, म्हणजे पी/व्ही रेशो, विक्रीतला योगदानाचा वाटा, 40%. पहिल्या वर्षाचं योगदान, म्हणजे विक्री वजा बदलता खर्च, 10 लाखांच्या 40% म्हणून 4 लाख, त्यातून नफा वजा केला की स्थिर खर्च 3 लाख. त्याला 40% ने भागलं की ब्रेक-इव्हन विक्री 7.50 लाख. दुसऱ्या वर्षाची मार्जिन ऑफ सेफ्टी, म्हणजे ब्रेक-इव्हनच्या वरची विक्री, 4.50 लाख, 1.80 लाख भागिले 40% करूनही तेवढीच यायला हवी. स्थिर खर्च, किंमत किंवा प्रति नग बदलता खर्च यांपैकी काही दुसऱ्या वर्षी बदललं असेल, तर ही रीत चालत नाही. नगांत उत्तर हवं असेल तर मात्र प्रति नग किंमत लागेलच, ती मागून घे.