दुसऱ्या दिवशी काहीच का होत नाही : सायलोसायबिन आणि २ए रिसेप्टर

प्रश्न : "सायलोसायबिन सेरोटोनिनच्याच रिसेप्टरवर काम करतं म्हणतात, मग डिप्रेशनच्या गोळ्यांनी सेरोटोनिन वाढतं तर त्या लोकांना भास का होत नाहीत? आणि लगेच दुसऱ्या दिवशी तेवढंच घेतलं तर जवळपास काहीच होत नाही हे खरं का? दारूची सवय व्हायला वर्षं जातात, हे एका दिवसात कसं?"

आधी एक बारीक दुरुस्ती. सायलोसायबिन हे काही मशरूममधलं भास घडवणारं द्रव्य, पण ते स्वतः जवळजवळ काहीच करत नाही. त्याला एक फॉस्फेट चिकटलेला असतो, तो आतड्यात आणि लिव्हरमध्ये फॉस्फटेज एन्झाइमने सुटला की उरतं ते सायलोसिन, आणि मेंदूत पोचतं ते हेच. सायलोसिनची रचना सेरोटोनिनच्या इतकी जवळची आहे की सख्खं भावंड म्हणावं, म्हणून ते सेरोटोनिनच्या बऱ्याच रिसेप्टरवर, म्हणजे पेशीवरच्या त्याच्या ठरलेल्या जागांवर, बसतं. सेरोटोनिनचे चौदा-एक प्रकारचे रिसेप्टर आहेत, पण भास, रंग, वेळेचं भान सुटणं हे सगळं मुख्यतः एकावर अवलंबून आहे, ५-एचटी-२ए, पुढे नुसतं २ए म्हणतो.

हे कशावरून? एम.फार्म.ला असताना आमच्याकडे एक अत्यंत कंटाळवाणं काम असायचं, उंदराचं डोकं किती वेळा झटकतं ते मोजायचं. सायलोसायबिनसारख्या सायकेडेलिक ड्रगचं लायसन्स कुठून आणणार, म्हणून आम्ही ५-एचटीपी टोचायचो, त्याचं शरीरात सेरोटोनिन होतं. थोड्या वेळाने उंदीर कानात पाणी गेल्यासारखं डोकं झटकायला लागतो, इतकं चटकन की पापणी लवली तर मोजणी चुकली. हातात टॅली काउंटर, टक टक टक. आणि आधी केटान्सेरिन दिलेलं असेल तर काउंटर जवळपास शून्यावर. केटान्सेरिन मुळात ब्लड प्रेशरसाठी काढलेलं औषध, ते २ए अडवून बसतं. एलएसडी, सायलोसिन दिल्यावरही उंदीर असंच डोकं झटकतात. पण उंदराला भास होतात का ते उंदीर सांगत नाही, म्हणून माणसावरचा प्रयोग महत्त्वाचा. झुरिचला फोलेनवायडर यांच्या गटाने १९९८ साली निरोगी लोकांना आधी केटान्सेरिन आणि मग सायलोसायबिन दिलं, तर भास झालेच नाहीत. डोपामिन अडवणाऱ्या हॅलोपेरिडॉलने मात्र ते थांबले नाहीत. म्हणजे हा खेळ डोपामिनचा नाही.

आता गोळ्यांचं. डिप्रेशनच्या नेहमीच्या गोळ्या, म्हणजे एसएसआरआय, काय करतात, तर पेशींच्या मधल्या फटीत सोडलेलं सेरोटोनिन परत आत ओढायचं काम मंदावतात. ते सेरोटोनिन सगळ्याच प्रकारच्या रिसेप्टरमध्ये वाटलं जातं, त्यात २ए च्या उलट दिशेने पेशीला शांत करणारा १ए पण आला, शिवाय वाढ हळूहळू होते. सायलोसिन मात्र एकदम येतं आणि थेट २ए वर बसतं. अजून एक कल्पना अलीकडे मांडली गेलीय (कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या लॅबचं २०२३ चं काम), की बरेच २ए पेशीच्या आतच असतात, सेरोटोनिनला पेशीचं आवरण सहज ओलांडता येत नाही आणि सायलोसिनला येतं. मला पटते, पण अजून शेवटचा शब्द नाही.

आता सवयीचं, म्हणजे तेवढ्याच डोसचा परिणाम कमी होण्याचं, कारण खरी गंमत इथे आहे. पहिल्यांदा साधा हिशोब करा. सायलोसिनचं रक्तातलं प्रमाण दर दोन-तीन तासांनी निम्मं होतं. तीन तास धरले तरी सकाळी दहाला घेतलेलं दुसऱ्या दिवशी दहापर्यंत आठ वेळा निम्मं झालं, म्हणजे अर्ध्या टक्क्याहूनही कमी उरलं. म्हणजे औषध अंगात साचून जागा अडवून बसलंय असं नाही. लिव्हर तरबेज झालं म्हणाल तर तेही नाही, एका रात्रीत एवढं तरबेज कोण होतं. रक्तात कालच्याइतकंच सायलोसिन येतं, बदललेलं असतं ते रिसेप्टरच्या बाजूला.

२ए वर सायलोसिन बसलं की आतल्या बाजूला जीक्यू नावाचं प्रोटीन जागं होतं, पेशीत कॅल्शियम वाढतं आणि मेंदूच्या कॉर्टेक्समधल्या पाचव्या थराच्या मोठ्या पेशी जास्त उत्तेजित होतात. पण पेशीला सतत वाजणारी बेल चालत नाही. आपण काय करतो, कोणी बटणावरचं बोट काढतच नसेल तर शेवटी वायर काढून ठेवतो, तसंच. कायनेज एन्झाइम रिसेप्टरच्या आतल्या शेपटीला फॉस्फेट चिकटवतात, त्यावर अरेस्टिन नावाचं प्रोटीन येऊन बसतं आणि जीक्यूशी संबंध तुटतो, हे मिनिटांत होतं. मग तो अख्खा रिसेप्टर आवरणासकट पेशीच्या आत ओढला जातो. काही धुऊनपुसून परत वर येतात, काही लायसोसोममध्ये जाऊन मोडीत निघतात, आणि मोडीत निघालेल्यांच्या जागी नवे बनवून वर आणायला दिवस लागतात. मिनिटांत बंद आणि दिवसांनी चालू, हा जो फरक आहे तीच तुमची एका दिवसातली सवय. साधारण चार दिवस ते आठवडा गेला की संवेदनशीलता परत येते.

गुन्हा रिसेप्टरचाच, याचा सगळ्यात चांगला पुरावा जुना आहे आणि जरा लाजिरवाणाही. अमेरिकेत केंटकीतल्या लेक्सिंग्टनला व्यसनी कैद्यांचं सरकारी हॉस्पिटल होतं, तिथे हॅरिस इस्बेल यांनी कैद्यांवर प्रयोग केले, बक्षीस म्हणून काहींना त्यांच्या व्यसनाचंच ड्रग द्यायचे, आज कुठल्याही एथिक्स कमिटीने हाकलून दिलं असतं. तर १९६१ मध्ये त्यांनी काही जणांना रोज एलएसडी देऊन त्याची सवय लावली आणि मग सायलोसायबिन दिलं, तर त्याचाही परिणाम कमी झाला, आणि उलट क्रमानेही तसंच. आता बघा, एलएसडी आणि सायलोसायबिन शरीरात मोडण्याच्या वाटा वेगळ्या, एलएसडी मायक्रोग्रॅममध्ये लागतं तर सायलोसायबिन मिलिग्रॅममध्ये. दोघांत कॉमन काय, तर जिथे जाऊन बसतात ती जागा. एकाने वायर काढायला लावली की दुसऱ्याने बेल दाबून काय उपयोग.

मात्र 'रिसेप्टर कमी झाले, संपलं' इतकं सरळ समजू नका. एलएसडी रोज दिलेल्या उंदरांच्या मेंदूत २ए मोजले तर घट दिसते, पण ती माफक, आणि परिणाम मात्र त्याहून जास्त पडलेला असतो. म्हणजे जागेवर असलेले पण जीक्यूपासून तुटलेले रिसेप्टर धरायला हवेत आणि पेशीच्या आत पुढच्या पायऱ्यांवरही काहीतरी बदलत असणार. अजून एक विचित्र गोष्ट, बेल वाजवणारीच नाही तर ती अडवणारी क्लोझापिनसारखी औषधंसुद्धा सतत दिली तर २ए कमी करतात, एरवी रिसेप्टर अडवला की ते वाढतात, त्या नियमाच्या अगदी उलट.

आणि अपवाद डीएमटीचा, हेही भास घडवणारं सायकेडेलिकच. स्ट्रासमन यांनी न्यू मेक्सिकोत १९९० च्या दशकात लोकांना अर्ध्या अर्ध्या तासाने चार इंजेक्शनं दिली, तर चौथ्या वेळचा अनुभवही पहिल्याइतकाच तीव्र. डीएमटी शिरेतून दिलं की काही मिनिटांतच ओसरतं, तेव्हा बेल इतका कमी वेळ वाजते की वायर काढायची वेळच येत नसावी, असा माझा अंदाज. पण त्याच लोकांचे हार्मोन आणि हृदयाचे ठोके मात्र चौथ्या वेळेपर्यंत कमी प्रतिसाद द्यायला लागले होते, म्हणजे शरीराचा एक भाग सवय करून घेत होता आणि अनुभव नव्हता.