दांड्यावर पडलेला मुलगा आणि नळी घालायची घाई

प्रिय डॉक्टर,

काल रात्री फोनवर फक्त "नळी घालू नकोस, ट्रे बाजूला ठेव" एवढंच सांगता आलं, का ते सांगायचं राहूनच गेलं, म्हणून आता सविस्तर लिहितोय. तू एकटीच ड्युटीला होतीस, मुलगा कळवळत होता, आई रडत होती आणि सिस्टरने लघवीच्या नळीचं, कॅथेटरचं पाकीट फोडायला घेतलं होतं, अशा वेळी नळी घालावीशी वाटणं साहजिक आहे, पण या एका दुखापतीत नेमकं तेच नडतं.

तुझी केस परत बघू. १५ वर्षांचा मुलगा, मोठ्यांची दांड्याची सायकल, चढावर उभं राहून पॅडल मारताना चेन सटकली आणि दोन पायांच्या मधोमध सगळं वजन दांड्यावर आलं. लघवीचा मार्ग लिंगातून मागे येतो आणि शिवणीपाशी जघनहाडाच्या बरोबर खालून जातो. हा भाग म्हणजे बल्बर युरेथ्रा, तो तिथे जखडलेला असतो, बाजूला सरकू शकत नाही. खालून दांडा आणि वरून हाड, मध्ये तो चिरडला जातो. त्यामुळे कमरेचं हाड शाबूत असतं, बीपी पल्स व्यवस्थित असतं, पेशंट स्वतः चालत येतो आणि बघणाऱ्याला वाटतं मुका मार आहे, शेकायला सांगून सोडून द्या.

तू त्याची पँट उतरवून बघितलीस हे फार बरं केलंस. या वयाची मुलं "सायकलवरून पडलो, गुडघ्याला लागलं" एवढंच सांगतात, आईबापासमोर तर पुढचं काहीच बोलत नाहीत. नातेवाईकांना जरा बाहेर बसवून दोनच प्रश्न विचारायचे, पडल्यापासून लघवी झाली का, आणि चड्डीला रक्त लागलं का. लघवीच्या तोंडाशी रक्ताचा एक थेंब जरी दिसला, अगदी वाळलेला असला तरी, मूत्रमार्ग फाटलाय असंच धरून चालायचं, जोपर्यंत फोटोत उलट सिद्ध होत नाही तोपर्यंत. आणि रक्त किती आलं यावरून इजा किती ते ठरवू नकोस. मार्ग पूर्ण तुटलेला असतानाही दोनच थेंब दिसतात आणि नुसतं आतलं अस्तर खरचटलेलं असताना चड्डी भिजते.

शिवणीवर फुलपाखरासारखा निळा-काळा डाग होता म्हणालीस, त्याचा अर्थ रक्त मूत्रमार्गाभोवतीचं आतलं आवरण फोडून बाहेर आलंय. तिथून ते अंडकोषाच्या पिशवीत, लिंगावर आणि वर पोटाच्या कातडीखाली पसरू शकतं, मांडीत मात्र उतरत नाही कारण तिथे बाहेरचं आवरण घट्ट चिकटलेलं असतं. लघवीही त्याच वाटेने पसरते. म्हणून मुलाला सांगायचं की जोर लावून लघवी करू नकोस. बरेचदा घरचेच "पाणी पी, जोर लाव, होईल" म्हणत असतात, आणि प्रत्येक जोरासरशी लघवी फाटलेल्या जागेतून मांसात शिरते, मग तिथे इन्फेक्शन झालं की कातडी सडण्यापर्यंत जाऊ शकतं. अंडकोषही हाताने नीट तपास, सूज जास्त असेल तर सोनोग्राफीत बघून घे, कारण त्याच माराने तेही फुटलेले असू शकतात.

आता नळीचं. मार्ग अर्धवट फाटलेला असतो तेव्हा एका बाजूची भिंत अजून सलग असते, आणि त्या सलग भिंतीवरच पुढचं सगळं बरं होणं अवलंबून असतं. आंधळेपणाने नळी पुढे ढकलली की ती फटीतून बाहेर शिरते, खोटा रस्ता तयार होतो, अर्धवटाचं पूर्ण तुटणं होऊ शकतं आणि साचलेल्या रक्तात जंतू जातात. त्याहून वाईट म्हणजे नळी आत गेल्यासारखी वाटते, लघवी येत नाही, थोडं रक्त येतं, आणि "ब्लॉक झाली असेल" म्हणून कोणीतरी नळीच्या टोकाचा फुगा फुगवतं. तो फुगा मूत्राशयात नसतो, फाटलेल्या मार्गात असतो. कुठल्याही पेशंटमध्ये लघवी दिसल्याशिवाय फुगा फुगवायचा नाही.

मग करायचं काय, तर आरजीयू, म्हणजे लघवीच्या तोंडातून डाय सोडून मार्गाचा एक्सरे. सिव्हिलला एक्सरे आणि पाण्यात विरघळणारा आयोडीनचा डाय असेल तर हे होतं, फार मोठी यंत्रणा लागत नाही. पेशंटला साधारण ४५ अंश कुशीवर करायचं, खालचा गुडघा वाकवलेला, वरचा पाय सरळ, लिंग हलकंसं ताणून धरायचं. तोंडाशी बारीक फोली जेमतेम आत ठेवून फुग्यात १-२ मिली पाणी, एवढंच, आणि पातळ केलेला डाय २०-३० मिली हळूहळू, जोर न लावता सोडताना फिल्म घ्यायची. डाय बाहेर सांडला नाही आणि मूत्राशयात पोचला तर मार्ग फाटलेला नाही. बाहेर सांडला पण मूत्राशयातही पोचला तर अर्धवट. नुसताच बाहेर सांडला, पुढे गेलाच नाही, तर बहुतेक पूर्ण.

तुझ्याकडे रात्री ही सोय नव्हती आणि मुलाचं मूत्राशय बेंबीपर्यंत भरलेलं होतं. वेदना त्याचीच जास्त होती. अशा वेळी वाट वरून काढायची, म्हणजे एसपीसी, पोटातून नळी. सोनोग्राफीत भरलेलं मूत्राशय बघून, जघनहाडाच्या दोन बोटं वर, बरोबर मध्यरेषेत, भूल देऊन. हे तू स्वतः केलेलं नसेल किंवा पोटावर जुन्या ऑपरेशनचा व्रण असेल तर करू नकोस. तशा वेळी सोनोग्राफीखाली त्याच जागेतून स्पायनल नीडलने लघवी ओढून घेतली तरी प्रवासापुरता आराम पडतो, काल तू तेच केलंस आणि १०८ ने पाठवलंस, ते बरोबर होतं. पेनकिलर, टिटॅनस, अँटिबायोटिक हे झालंच होतं.

सकाळी सिव्हिलच्या सरांचा फोन आला, आरजीयूत अर्धवट फाटलंय, एसपीसी टाकलीय. आता साधारण २-३ आठवडे ती राहील, मग वरच्या नळीतून डाय सोडून मुलाला लघवी करायला लावून फिल्म घेतील, गळती थांबली असेल तरच नळी निघेल. पहिल्याच दिवशी उघडून शिवणं या दुखापतीत टाळतात, कारण चिरडलेल्या भागात कुठवर जिवंत आणि कुठवर मेलेलं ते कळत नाही.

खरी काळजी मला त्यानंतरची आहे. चिरडलेली जागा भरताना आकसते, स्ट्रिक्चर होतं, बहुतेक वेळा पहिल्या वर्षातच, आणि तोवर मुलगा "बरा" म्हणून शाळेत जायला लागलेला असतो, आई विसरलेली असते, तो स्वतः लाजून सांगत नाही. म्हणून आईला आणि मुलाला दोघांनाही समोर बसवून सांग की धार बारीक झाली, वेळ लागायला लागला, लघवी झाल्यावरही थेंब गळत राहिले की लगेच यायचं. आणि लक्षणं नसली तरी ३, ६ आणि १२ महिन्यांनी युरोफ्लो, म्हणजे लघवीच्या धारेचा वेग मोजायची तपासणी करायची. नॉर्मल आलेख वर चढून खाली उतरतो, स्ट्रिक्चरचा सपाट आणि लांबलचक येतो, वेगही १५ मिली प्रतिसेकंदाच्या खाली असेल तर परत आरजीयू. आणि स्ट्रिक्चर निघालंच तर त्याला दर महिन्याला डायलेटेशनला बोलवत राहणाऱ्याकडे जाऊ देऊ नकोस. माराने झालेला हा आकस छोटा पण दाट असतो, सळई घालून घालून तो लांब होत जातो. सुरुवातीच्या दुखापतीला तीनेक महिने झाल्यावर खराब तुकडा काढून दोन टोकं जोडायचं ऑपरेशन चांगल्या हातात बहुतेकांना कायमचं बरं करतं, पण त्याआधी जितकी ढवळाढवळ तितकं ते अवघड होतं.

एक राहिलं, रेफर चिठ्ठी. कालच्या तुझ्या चिठ्ठीत "सायकलवरून पडून दुखापत, लघवी बंद" एवढंच होतं. त्यात पडल्याची वेळ, शेवटची लघवी कधी झाली, तोंडाशी रक्त होतं, सुईने किती मिली काढली आणि सगळ्यात वर, ठळक, "नळी घालायचा प्रयत्न केलेला नाही" हे लिही. नाहीतर वाटेत किंवा तिकडच्या कॅज्युअल्टीत कोणीतरी पहिला तोच प्रयत्न करतं.

तुझे सर