स्वॅबचे नमुने गोठतात कुठे आणि गळतात कुठे

प्रश्न: थ्रोट स्वॅब वीटीएममध्ये, म्हणजे विषाणू टिकवून ठेवणाऱ्या द्रवात घेऊन रेफरल लॅबला पाठवतो. एक खेप 'लीकेज' म्हणून नाकारली, एक 'फ्रोजन' म्हणून. नळी, डबा, खोकं असं तीन थरांचं पॅकिंग करतो, बर्फही भरपूर टाकतो. मग चुकतंय कुठे?

'भरपूर बर्फ' इथेच मला पहिली शंका येते. डीप फ्रीजरमधून काढलेला आइस पॅक उणे २० अंशांना असतो आणि वीटीएमला हवे असतात २ ते ८ अंश. असा पॅक डब्याला टेकला की त्या बाजूच्या नळ्या गोठतात, पलीकडच्या मात्र ठणठणीत राहतात. त्यामुळे पॅक करणाऱ्याला वाटतं, सगळं ठीक होतं. इन्फ्लुएन्झासारख्या विषाणूंना उणे २० ला गोठणं आणि परत वितळणं सोसत नाही. कल्चर लावायचं असेल तर तो नमुना गेल्यातच जमा. पीसीआरचं अशा नमुन्यावरही भागेल, पण नळी वाटेत किती वेळा गोठली नि वितळली हे लॅबला कळायला मार्ग नसतो. मग ते सरळ नाकारतात.

माझ्या नोकरीच्या पहिल्या वर्षी मी हेच केलं होतं. वीटीएमच्या नळ्यांबरोबर रक्ताच्या ईडीटीएच्या दोन नळ्या होत्या, पॅक फ्रीजरमधून काढून थेट खोक्यात. समोरून फोन आला, प्लाझ्मा चेरीसारखा लाल आहे म्हणून. गोठल्यामुळे रक्तपेशी फुटल्या होत्या. पेशंटला पुन्हा टोचावं लागलं, तेव्हापासून हा धडा विसरलो नाही.

पॅक आधी 'कंडिशन' करायचे. ओट्यावर एकेकटे मांडून ठेवा. अंगावर आधी पांढरं हिम येतं, मग पाण्याचे थेंब. अधूनमधून कानाशी धरून हलवा. आत पाणी डचमळल्याचा आवाज आला की पॅक तयार. बर्फ आणि पाणी दोन्ही आत आहेत तोवर तो शून्याच्या आसपासच राहणार, आणि वीटीएममध्ये क्षार असल्याने ते शून्याच्या थोडं खाली गोठतं. किती मिनिटं लागतील ते खोलीच्या उष्णतेवर आहे, म्हणून घड्याळ नव्हे, आवाज ऐका. जेल पॅकमध्ये आवाज येत नाही, तो अंगठ्याने दाबून वाकतो का ते बघा. काही जेल मुळातच शून्याखालच्या तापमानासाठी बनवलेली असतात, ती या कामाला नकोत. आणि पॅक नि डब्यामध्ये पुठ्ठ्याची पट्टी घाला.

आता लीकेज. गळती तीन थरांमुळे थांबते असं नाही, ती पहिल्या नळीवरच थांबायला हवी. बाकीचे थर ती थांबली नाही तर. स्वॅबच्या बाबतीत मी सगळ्यात जास्त वेळा पाहिलेली चूक एकच: काडी खुणेवर मोडलेली नसते. लांब काडी झाकणाला आतून टेकते, झाकण फिरताना शेवटचा अर्धा आटा बसतच नाही, आणि वरून मात्र ते बंद दिसतं. नळी उलटी करून टिश्यूवर दहा सेकंद धरा. ओला ठिपका पडला तर ती नळी पाठवण्याजोगी नाही. झाकण आट्याचंच हवं. त्यावर पॅराफिल्म गुंडाळता येते, पण पॅराफिल्मने सैल झाकण घट्ट होत नाही.

समजा १२ नळ्या आहेत, प्रत्येकीत ३ मिली. म्हणजे सगळ्या फुटल्या तर ३६ मिली द्रव. दुसऱ्या थरात घातलेला कापूस किंवा शोषक पॅड एवढं सगळं पिणारा हवा. अंदाज करू नका, बेसिनमध्ये तेवढ्याच कापसावर ४० मिली पाणी ओता आणि उचलून बघा, थेंब गळतो का. नळ्या एकमेकींवर आपटू नयेत म्हणून वेगवेगळ्या गुंडाळा, स्टँडमध्ये उभ्या ठेवा आणि आट्याच्या झाकणाच्या डब्यात घाला. विमानाने जाणार असेल तर नळी किंवा हा डबा, दोघांपैकी एक तरी ९५ किलोपास्कलचा दाब सोसणारा हवा. डब्यावर तसं लिहिलेलं असतं. साधी झिपलॉक पिशवी म्हणजे दुसरा थर नव्हे.

फॉर्म डब्याच्या आत नाही, नळीभोवती तर मुळीच नाही. पाण्यापासून वाचवणाऱ्या पिशवीत घालून डब्याच्या बाहेर, खोक्याच्या आत. एक तर नळी गळली तरी फॉर्म दूषित होत नाही. दुसरं, उघडणाऱ्याला डबा न उघडताच आत काय आहे ते वाचता येतं. तुमचं 'लीकेज' खरं तर आइस पॅकवर जमलेलं दव असण्याचीही शक्यता आहे. ओला फॉर्म आणि पुसट झालेली शाई दिसली की समोरचा माणूस ते पाणी कुठून आलं हे शोधत बसत नाही. त्याने तसं करूही नये. म्हणून पॅक स्वतंत्र पिशव्यांत बंद करा आणि नळीवरचं लेबल ओलं बोट फिरवून तपासा.

पॅक खाली, बाजूंना आणि वरही ठेवा, कारण थंड हवा खाली उतरते. बर्फ वितळल्यावर डबा सैल होऊन लवंडणार नाही अशा पुठ्ठ्याच्या कडा करा.

बाहेरचं खोकं कडक हवं, एक बाजू निदान १० बाय १० सेंटिमीटरची. पेशंटचे बहुतेक नमुने वाहतुकीच्या नियमांतल्या कॅटेगरी बीमध्ये, म्हणजे कमी धोक्याच्या गटात येतात. त्यासाठी चौकोन कोपऱ्यावर उभा करून काढलेली खूण, बाजू निदान ५ सेंटिमीटर, आत 'यूएन ३३७३', शेजारी 'बायोलॉजिकल सब्स्टन्स, कॅटेगरी बी'. पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा पत्ता, आणि खरंच उचलला जाईल असा फोन नंबर. टीबीचा थुंकीचा नमुना या गटात बसतो, पण त्याच टीबीचं वाढवलेलं कल्चर कॅटेगरी एमध्ये जातं. त्याचं पॅकिंग निराळं, त्यामुळे कल्चर पाठवायचं असेल तर आधी विचारा.

स्वॅब ७२ तासांत पोहोचणार नसतील तर मात्र उणे ७० ला गोठवून ड्राय आइसवर पाठवतात. ड्राय आइस दुसऱ्या थराच्या बाहेरच, आणि खोक्याला वायू निघायला वाट हवी. एका किलोतून पाचशे लिटरहून जास्त कार्बन डायऑक्साइड सुटतो. बंद डब्यात घातलात तर तो फुटेल. खोक्यावर क्लास ९ चं लेबल, 'यूएन १८४५' आणि ड्राय आइसचं निव्वळ वजन लिहा.

पुढची खेप पाठवण्याआधी एक रिकामी फेरी करा. १२ नळ्यांत ३-३ मिली पाणी, नेहमीसारखं पॅकिंग, आणि तापमान नोंदवत राहणारा डेटा लॉगर नळ्यांच्या मध्ये. पॅकवर ठेवलात तर तो पॅकचं तापमान सांगेल. प्रवासाला लागतात त्याच्या दीडपट तास खोकं तसंच पडू द्या. आलेख शून्याखाली गेला असेल तर बहुतेक पहिल्या दोन तासांतच गेलेला दिसेल. शेवटी ८ च्या वर चढला असेल तर पॅक कमी पडले, एक वाढवून पुन्हा फेरी करा.