रिटर्नमध्ये ३७,४४० रुपये रिफंड दिसतोय, सबमिट करू का?

प्रश्न: "२०२४-२५ चा फॉर्म १६ आहे, ओल्ड रिजीम. ऑफिस बीकेसीला, राहतो कोपरखैरणेला भाड्याने. कंपनीने ७९,०४० टीडीएस कापलाय. सॅलरी १०,२०,००० टाकली, एचआरए १,८०,०००, ८०सी दीड लाख, तर ३७,४४० रिफंड येतोय. बरोबर आहे ना?"

नाही, थांबा, सबमिट करू नका. ३७,४४० ला २०.८ टक्क्यांनी भागून बघा (२० टक्के टॅक्स आणि त्यावर ४ टक्के सेस), बरोब्बर १,८०,००० येतात, म्हणजे तुमचा एचआरए दोनदा वजा झालाय.

घोळ कुठे होतो सांगतो. फॉर्म १६ च्या पार्ट बी मध्ये ३ नंबरला `Total amount of salary received from current employer` असं लिहिलंय आणि तिथे १०,२०,००० आहे, वाचून कोणालाही वाटेल हीच आपली सॅलरी, पण तो आकडा एचआरए आधीच काढून आलेला असतो. तुम्हाला हवाय तो सगळ्यात वरचा, 17(1) समोरचा, तो १२,००,००० असणार बघा. रिटर्नमध्ये 17(1) ला पूर्ण बारा लाख टाका, मग 10(13A) ला १,८०,०००, मग स्टँडर्ड डिडक्शन ५०,००० आणि प्रोफेशनल टॅक्स २,५००. उरतात ९,६७,५००. हाच आकडा पार्ट बी मध्ये `Income chargeable under the head "Salaries"` समोर असला पाहिजे, इथे एक रुपयाचाही फरक आला तर पुढे जाऊच नका, आधी तो शोधा. त्यातून दीड लाख गेले की ८,१७,५००, त्यावर टॅक्स सेससकट ७९,०४०, म्हणजे कंपनीने कापलाय तेवढाच. रिफंड शून्य.

एचआरएचा आकडाही एकदा तपासा, कारण बीकेसीचं ऑफिस बघून पेरोलवाले कधीकधी मुंबईचे ५० टक्के धरतात. नियम घर कुठे आहे ते बघतो, आणि ठाणे-नवी मुंबईला बेसिकच्या ४० टक्केच. भाडं २०,००० आणि बेसिक ५०,००० असेल तर वर्षाचं भाडं २,४०,००० वजा बेसिकचे दहा टक्के ६०,००० असे १,८०,००० होतात, हे ४० टक्क्यांच्याही (२,४०,०००) खाली आहेत, त्यामुळे तुम्हाला फरक पडत नाही. ज्यांचं भाडं जास्त आहे त्यांना मात्र पडतो.

८०सी मध्ये पगारातून कापलेला तुमचा पीएफ धरलेलाच असतो, तो वेगळा टाकू नका, आणि कंपनीचा पीएफचा हिस्सा तर यात येतच नाही.

खरा रिफंड हवा असेल तर कंपनीला सांगायचं राहून गेलेलं काही आहे का बघा. समजा मेडिक्लेमचा स्वतःचा आणि बायकोमुलांचा १८,००० प्रीमियम ऑनलाइन भरलाय आणि फॉर्म १६ मध्ये ८०डी रिकामं आहे, तर ते रिटर्नमध्ये टाका, ३,७४४ परत मिळतील आणि ते हक्काचे आहेत. पावती आणि पॉलिसी नंबर जवळ ठेवा.